ताठर शरीर आणि सूर्यनमस्कार : श्वास मोजून शिकवण्याची रीत

महाराष्ट्रात सूर्यनमस्कार बहुधा शाळेच्या मैदानावर किंवा व्यायामशाळेत शिकवले जातात आणि तेथे शिक्षक अंक उच्चारतो, तर मुले त्या त्या अंकाची स्थिती घेतात. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांतून नमस्काराचा जो प्रसार केला त्यात दहा अंकांचा क्रम होता आणि त्याच दहा स्थितींवर आधारलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक 1938 साली लंडनमधून प्रसिद्ध झाले. आज योगवर्गांतून बारा स्थितींचा क्रम अधिक आढळतो. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाच्या पद्धतीतही बारा स्थिती आहेत. अंक दहा असोत वा बारा, मोठ्याने उच्चारलेल्या अंकामागे शरीर न्यायचे ही शिस्त लवचीक मुलांच्या समूहासाठी सोयीची असते, परंतु पन्नाशीच्या आसपासची, दिवसातील आठ-दहा तास खुर्चीत बसणारी आणि उभ्याने वाकल्यावर ज्यांची बोटे जेमतेम गुडघ्याखाली पोहोचतात अशी माणसे नव्याने शिकू लागतात तेव्हा हीच शिस्त अडचणीची ठरते, कारण अंक पुढे जातो, शरीर मागे राहते आणि ते अंतर भरून काढण्यासाठी शिकणारा नकळत श्वास कोंडून धरतो.

म्हणून येथे दोन मोजण्या वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. पहिली मोजणी स्थितींची असून ती नमस्कारात पुढे काय येणार हे सांगते. दुसरी मोजणी श्वासाची असते आणि प्राणायामाच्या परंपरेत तिच्या एककाला मात्रा म्हणतात; सावकाश उच्चारलेला एक अंक म्हणजे एक मात्रा असे धरले तर ती साधारण एका सेकंदाची होते. श्वास आत घेण्याच्या क्रियेला पूरक, बाहेर सोडण्याच्या क्रियेला रेचक आणि श्वास रोखून धरण्याला कुंभक म्हणतात. श्वास पूर्ण सोडल्यानंतर केलेला कुंभक तो बाह्य कुंभक. ताठर शरीराच्या नवशिक्याला शिकवताना स्थितींची मोजणी श्वासाच्या मोजणीच्या आज्ञेत राहिली पाहिजे. ज्या खोलीपर्यंत वाकूनही पूरक आणि रेचक समान मात्रांचे राहतात तेवढीच त्या दिवसाची त्याची खोली होय आणि त्याखाली हात पोहोचत नसतील तर जमीनच वर आणावी लागते.

बारा स्थितींतील श्वासाची रचना पाहिली की हे सारे मोजणे सोपे होते. पहिली स्थिती प्रणामासनाची असून तीत हात जोडून, श्वास सहज ठेवून उभे राहायचे असते. दुसरीत हात वर नेताना पूरक (हस्तोत्तानासन), तिसरीत पुढे वाकताना रेचक (पादहस्तासन), चौथीत एक पाय मागे नेऊन छाती उघडताना पूरक (अश्वसंचालनासन), पाचवीत दुसरा पायही मागे नेऊन कंबर वर उचलताना रेचक (पर्वतासन) आणि सहावीत गुडघे, छाती व हनुवटी टेकवताना बाह्य कुंभक (अष्टांग नमस्कार) असा क्रम येतो. सातवीत छाती वर उचलताना पूरक (भुजंगासन), आठवीत पुन्हा पर्वतासनात जाताना रेचक, नववीत पाय पुढे आणताना पूरक, दहावीत रेचक, अकरावीत पूरक आणि बारावीत हात खाली आणताना रेचक होतो. म्हणजे एका नमस्कारात पाच पूरक, पाच रेचक आणि एक कुंभक असतो. परंपरेने ठरवलेली ही जोडणी शरीराच्या घडणीशी जुळणारी आहे, कारण छाती व पोट उघडते तेथे श्वास आत येतो आणि पोट दाबले जाते तेथे तो बाहेर जातो. या जोडणीला दोन ठिकाणी अपवाद पडतो आणि नवशिक्याचा श्वास नेमका त्याच दोन ठिकाणी तुटतो. पहिली जागा सहाव्या स्थितीची, जेथे रिकाम्या छातीने हातांवर सारे वजन घेत खाली उतरावे लागते. दुसरी जागा नववी, जेथे पोट मांडीने दाबले जात असतानाच श्वास आत घेण्याची अपेक्षा असते.

मात्रा कशी ठरवावी

शिकवण्याची सुरुवात उभ्याने न करता पाठीवर निजून करावी. शिकणाऱ्याने गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर ठेवावेत, एक हात बेंबीवर ठेवावा आणि श्वास मुद्दाम लांब न करता तो किती मात्रा आत येतो व किती मात्रा बाहेर जातो हे मनात मोजावे. अनेकांचा पूरक तीन आणि रेचक चार मात्रांचा निघतो, तर काहींचे दोन्ही तीनच भरतात. यांतील लहान आकडा ही त्याची आरंभीची मात्रा समजावी. वर्गात अनेक जण असतील तर सर्वांत लहान मात्रा असणाऱ्याच्या श्वासावर मोजणी ठेवावी, कारण लांब श्वास असणाऱ्याला लहान मात्रेत हालचाल आखडती घेता येते, परंतु लहान श्वास असणाऱ्याला लांब मात्रा पुरी करता येत नाही आणि तो शेवटच्या मात्रेला श्वास अडवून वाट पाहत राहतो.

मोजताना पहिल्या अंकाच्या जागी क्रियापद उच्चारावे, म्हणजे ‘घ्या, दोन, तीन’ आणि ‘सोडा, दोन, तीन’ असे म्हणावे. यामुळे नवशिक्याला श्वासाची दिशा आठवावी लागत नाही आणि त्याचे लक्ष शरीराकडे मोकळे राहते. स्थितीचे नाव मात्र मोजणीच्या आधी, मागचा श्वास संपत आला असताना सांगावे. नाव आणि मोजणी एकत्र आली की शिकणारा नाव समजून घेताना एक मात्रा गमावतो. आणखी एक गोष्ट आरंभापासून अंगवळणी पाडावी लागते, ती म्हणजे श्वास हालचालीच्या किंचित आधी सुरू व्हावा आणि हालचाल थांबल्यानंतर किंचित उशिरा संपावा. एवढी फट राहिली की शरीर श्वासाच्या पुढे धावत नाही. मोजणाऱ्या शिक्षकाने त्या वेळी स्वतः नमस्कार घालू नयेत, कारण त्याचा स्वतःचा सरावलेला श्वास लांब असतो आणि त्याच्या आवाजातून तो इतरांवर लादला जातो.

कडकपणा कोठे आहे

ताठरपणा हा सरसकट शब्द आहे. शिकवणाऱ्याला तो कोणत्या सांध्याभोवती आहे हे पाहावे लागते. शिकणाऱ्याला उभ्याने गुडघे सरळ ठेवून, ओढाताण न करता वाकायला सांगावे व हात कोठवर जातात ते पाहावे, आणि मग गुडघे सैल वाकवून पुन्हा तेच करायला सांगावे. दुसऱ्या वेळी हात लक्षणीय खाली गेले तर अडथळा मांडीच्या मागच्या स्नायूंत आहे आणि गुडघे वाकवूनही हात तेथेच अडकले तर तो पाठीत, नितंबाच्या सांध्यात किंवा सुटलेल्या पोटात आहे. पहिल्या प्रकारात गुडघ्यांना मुभा दिली की निम्मे काम होते. दुसऱ्या प्रकारात हातांखालचा आधार उंच करावा लागतो. त्यानंतर पाठ भिंतीला टेकवून हात वर न्यायला सांगावे. हात कानांजवळ येण्याआधीच कंबर भिंतीपासून सुटून बरगड्या पुढे येत असतील तर खांदे कडक आहेत, आणि अशा माणसाला दुसऱ्या स्थितीत मागे झुकवणे म्हणजे खांद्यांत न होणारी हालचाल कमरेकडून वसूल करणे होय. त्याने हात जोडू नयेत, ते खांद्यांहून थोडे रुंद ठेवून सरळ वर उचलावेत आणि तेवढीच दुसरी स्थिती मानावी.

हातांखालचा आधार उंच करण्यासाठी मराठी घरात खुर्ची, चौरंग आणि पाट हे तीन टप्पे बहुधा सहज मिळतात. खुर्ची चार पायांची, जड व बिनहाताची असावी आणि तिची पाठ भिंतीला टेकवावी. हलकी प्लास्टिकची खुर्ची वजन पडताच सरकते. चौरंग आणि पाट गुळगुळीत फरशीवर निसटतात, म्हणून ते सतरंजीवर ठेवून त्यांचीही मागची कड भिंतीला लावावी. या तीन उंचींनंतर जमीन येते. प्रत्येक टप्प्यावर स्थितींचा क्रम, पायांची अदलाबदल आणि श्वास हे सारे तेच राहते. केवळ हातांखालची जमीन खाली सरकत जाते. त्यामुळे पुढच्या टप्प्यावर जाताना नवे काही पाठ करावे लागत नाही.

खुर्चीवरचा नमस्कार

बारा स्थिती एकाच दिवशी आणि एकाच ओळीने शिकवण्याची घाई करू नये. आधी दुसरी, तिसरी, अकरावी व बारावी या उभ्याच्या स्थितींचा गट, नंतर चौथी व नववी, मग पाचवी व आठवी आणि सर्वांत शेवटी सहावी व सातवी असा क्रम ठेवला तर कमरेची आणि पायांची तयारी आधी होते, तर दंडांवर भार टाकणाऱ्या स्थिती श्वासाची सवय झाल्यानंतर येतात.

शिकणाऱ्याने खुर्चीच्या बैठकीकडे तोंड करून, खुर्चीच्या पुढच्या पायांपासून वीतभर मागे उभे राहावे. याहून जवळ उभे राहिले तर चौथ्या स्थितीत पुढचा गुडघा बैठकीला आपटतो. दुसऱ्या स्थितीत हात वर जाताना तीन मात्रांचा पूरक घ्यावा. तिसऱ्या स्थितीत गुडघे सैल करून, नितंब मागे नेत, तीन मात्रांत हात बैठकीच्या कडांवर ठेवावेत आणि मान लोंबती सोडावी. येथे सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे गुडघे हट्टाने सरळ ठेवून पाठीचा वरचा भाग गोल करणे. ती ओळखण्याची खूण अशी की पोट आणि मांडी यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा राहते आणि ताण मांडीमागे न जाणवता कमरेत जाणवतो. गुडघे इतके वाकवावेत की पोट मांडीच्या दिशेने येईल. पाय पुढे हळूहळू सरळ होतात, त्यासाठी कमरेला भरडण्याची गरज नाही.

चौथ्या स्थितीत उजवा पाय मोठे पाऊल टाकून मागे न्यावा, टाच उचललेली चालेल, डावा गुडघा टाचेच्या वर राहील इतकाच वाकवावा आणि हात बैठकीवर ठेवूनच छाती पुढे व वर उचलावी. पाचव्या स्थितीत डावा पायही मागे नेऊन नितंब मागे व वर ढकलावेत, म्हणजे हात, पाठ आणि नितंब एका लांब उतरत्या रेषेत येतात. टाचा उचललेल्या राहिल्या, गुडघे वाकलेले राहिले तरी हरकत नाही. या स्थितीत पाठ लांब होणे मुख्य आहे आणि पाय सरळ होणे दुय्यम. ज्यांच्या मनगटाला दुखते त्यांनी तळहात सपाट ठेवण्याऐवजी बैठकीच्या दोन्ही बाजूंच्या कडा मुठीत धराव्यात.

येथे पहिला जास्तीचा श्वास द्यावा. पाचव्या स्थितीत रेचक पूर्ण झाला की तेथेच थांबून एक पूरक व एक रेचक घ्यावा. त्यानंतरची सहावी स्थिती नवशिक्यासाठी बाह्य कुंभकाने करू नये. श्वास घेत शरीर पुढे आणून खांदे मनगटांच्या वर आणावेत आणि श्वास सोडत कोपरे शरीराजवळ ठेवून थोडी वाकवावीत, म्हणजे छाती बैठकीच्या दिशेने तिरकी खाली येते. कोपरे बाहेर फाकली की भार खांद्याच्या सांध्यावर जातो. हा दुसरा जास्तीचा श्वास होय. सातव्या स्थितीत पूरक घेत कोपरे सरळ करावीत, नितंब खुर्चीच्या दिशेने सोडावेत, खांदे कानांपासून दूर न्यावेत आणि छाती पुढे उघडावी. मान मागे टाकण्याचा मोह येथे होतो, परंतु नजर समोरच्या भिंतीवर ठेवणे पुरेसे असते. कमरेच्या एकाच बिंदूत चिमटा बसल्यासारखे वाटले तर नितंब फार पुढे गेले आहेत असे समजावे आणि कोपरे किंचित वाकवून ते मागे घ्यावेत.

आठव्या स्थितीत रेचकासह पुन्हा पर्वतासन येते आणि येथून नवव्या स्थितीकडे जाताना तिसरा जास्तीचा श्वास लागतो. रूढ पद्धतीप्रमाणे पूरकात पाय पुढे आणायचा असतो, परंतु ताठर नितंबाच्या माणसाला पाय पुढे घेताना पोट आकसावे लागते आणि आकसलेल्या पोटाने श्वास आत घेता येत नाही, म्हणून तो श्वास कोंडून पाय झटक्याने ओढतो. त्याऐवजी पर्वतासनात थांबून एक पूरक घ्यावा, रेचक सुरू करून त्याच रेचकात उजवा पाय पुढे आणावा आणि पाय स्थिर झाल्यावर पूरकात छाती उचलावी, म्हणजे नववी स्थिती पूर्ण होते. पाय आधी रेचकात, छाती नंतर पूरकात एवढा फेर केला तरी अनेकांचा नमस्कार पहिल्यांदाच अखंड वाटू लागतो. दहाव्या स्थितीत रेचकासह डावा पाय पुढे घेऊन तिसऱ्यासारखे वाकावे, अकरावीत पूरकासह गुडघे सैल ठेवूनच हात वर नेत उठावे आणि बारावीत रेचकासह हात छातीशी आणावेत.

पायांच्या बाबतीत दोन रीती प्रचलित आहेत. एका रीतीत जो पाय आधी मागे गेला तोच आधी पुढे येतो, तर दुसरीत मागे गेलेला पाय मागेच राहून दुसरा पाय पुढे येतो आणि पुढच्या नमस्कारात बाजू बदलते. ताठर नवशिक्यासाठी पहिली रीत घ्यावी, कारण तीत चौथ्या स्थितीत उजवा आणि नवव्या स्थितीत डावा पाय मागे राहिल्याने दोन्ही जांघा एकाच नमस्कारात ताणल्या जातात. तरीही एका नमस्कारात उजव्या पायाने आरंभ केला तर पुढच्यात डाव्याने करावा, म्हणजे नेहमी आधी काम करणारी बाजू बदलत राहते.

मोजणीचा हिशेब

उदाहरणादाखल पूरक व रेचक तीन-तीन मात्रांचे असलेला, कार्यालयात बसून काम करणारा पन्नाशीचा शिकणारा घेऊ. मूळच्या दहा अर्ध्या श्वासांच्या तीस मात्रा होतात आणि जास्तीच्या तीन श्वासांच्या, म्हणजे सहा अर्ध्या श्वासांच्या, अठरा मात्रा होतात. त्याचा खुर्चीवरचा एक नमस्कार अठ्ठेचाळीस मात्रांचा, म्हणजे मिनिटाहून थोडा कमी भरतो. प्रत्येक नमस्कारानंतर त्याने प्रणामासनात दोन श्वास मोजणीशिवाय घ्यावेत आणि मग पुढच्या नमस्काराचे नाव उच्चारावे. ‘ॐ मित्राय नमः’, ‘ॐ रवये नमः’, ‘ॐ सूर्याय नमः’, ‘ॐ भानवे नमः’ असे सूर्याचे एकेक नाव प्रत्येक नमस्काराआधी घेण्याचा जो प्रघात आहे तो शिकवणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे, कारण नाव एका रेचकात, मधे न थांबता आणि आवाज न थरथरता म्हणता आले तरच शिकणाऱ्याचा श्वास पुढच्या नमस्कारासाठी ताळ्यावर आला आहे असे समजता येते. नाव मधे तुटले तर आणखी दोन श्वास थांबावे. अशा चार नमस्कारांना सुमारे पाच मिनिटे लागतात आणि आरंभी तेवढे पुरेत.

यापुढची वाढ तीन दिशांनी होऊ शकते. हातांखालचा आधार खाली आणता येतो, मात्रा तीनाच्या चार करता येतात किंवा जास्तीच्या श्वासांपैकी एखादा काढता येतो. एका वेळी यांपैकी एकच गोष्ट बदलावी, हा या पद्धतीतील सर्वांत कडक नियम मानावा. खुर्चीवरून चौरंगावर येणारा शिकणारा मात्राही वाढवू लागला तर श्वास तुटल्यावर तो कशाने तुटला हे कळत नाही आणि शिक्षक चुकीची गोष्ट दुरुस्त करत बसतो. वर घेतलेल्या उदाहरणात चार नमस्कार सलग आठवडाभर तीन मात्रांत अखंड झाले की आधी चौरंग आणावा, मात्रा तीनच ठेवाव्यात आणि जास्तीचे श्वास तसेच राहू द्यावेत. चौरंगावर चौथ्या व नवव्या स्थितीत मागचा गुडघा जमिनीला टेकवावा लागतो, म्हणून त्याखाली जाड घडीची चादर ठेवावी. गुडघ्याच्या वाटीवर थेट वजन आले की दुखते. वजन वाटीच्या थोडे वर, मांडीच्या टोकाकडे यावे यासाठी पाय आणखी मागे सरकवावा.

मागे कधी जावे याचा निकषही श्वासातूनच मिळतो. तोंड उघडून श्वास घ्यावा लागणे, पूरक तिसऱ्या मात्रेआधीच संपणे, घशातून आवाज येणे किंवा स्थिती बदलताना श्वास क्षणभर अडकणे या चार खुणा आहेत. यांपैकी अडकणे सर्वांत उशिरा लक्षात येते, कारण शिकणाऱ्याला ते स्वतःला जाणवत नाही. शिक्षकाने त्या वेळी जबडा आणि कपाळ पाहावे, ते आवळलेले दिसले की श्वास रोखलेला असतो. सलग दोन नमस्कारांत एकाच ठिकाणी अशी खूण दिसली तर त्या दिवसापुरते एक पाऊल मागे यावे, मग ते चौरंगावरून खुर्चीवर असो की काढलेला श्वास परत देणे असो.

जमिनीवर आल्यावर सहावी व आठवी स्थिती पुन्हा शिकवाव्या लागतात, कारण खुर्चीवर जो भार तिरका होता तो आता पूर्ण हातांवर येतो. सहाव्या स्थितीत आधी दोन्ही गुडघे टेकवावेत, मग कोपरे शरीराजवळ ठेवून छाती आणि हनुवटी टेकवावी. दंडांत तेवढे बळ नसेल तर पोट टेकवून सरळ पालथे पडणे हीदेखील या टप्प्याची मान्य स्थिती समजावी, कारण कोसळत खाली येण्यापेक्षा पालथे पडून भुजंगासनाला निघणे खांद्यांसाठी सुरक्षित असते. भुजंगासनातून पर्वतासनात एकदम कंबर उचलता येत नाही. पायांची बोटे आत वळवून आधी गुडघे व तळहात यांवर यावे आणि तेथून कंबर वर न्यावी. या मधल्या पायरीसाठी एक मात्रा वाढली तरी चालते. जमिनीवर नवव्या स्थितीत पाऊल दोन्ही हातांच्या मध्ये येत नसेल तर ते जेथे पडेल तेथे पडू द्यावे आणि हाताने घोटा धरून उरलेले अंतर पुढे आणावे. झटक्याने पाय फेकल्यास जांघेत ओढ बसते.

कोणी काय टाळावे

सकाळी उपाशीपोटी किंवा पूर्ण जेवणानंतर तीन-चार तासांनी सराव करावा, पोट भरलेले असेल तर तिसरी व दहावी स्थिती श्वास कधीच पुरा होऊ देत नाहीत. काचबिंदू असणाऱ्यांनी डोके हृदयाच्या खाली जाणाऱ्या स्थिती टाळाव्यात, म्हणजे त्यांचा नमस्कार खुर्चीच्या उंचीवरच राहील आणि तिसऱ्या व पाचव्या स्थितीतही डोके हृदयाच्या खाली जाऊ देऊ नये. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सराव करावा, डोके खाली फार वेळ ठेवू नये, अकराव्या स्थितीत सावकाश उठावे आणि कोणत्याही टप्प्यावर श्वास रोखू नये. कमरेच्या मणक्यातील चकतीचा त्रास, पायात उतरणारी कळ, हर्निया, अलीकडे झालेली पोटाची शस्त्रक्रिया आणि गरोदरपण या अवस्थांत या लेखातील सोप्या स्थितीही स्वतःच्या मनाने करू नयेत. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठ गोल करून वाकणे टाळावे. गुडघा बदललेल्या माणसाने गुडघ्यावर वजन देऊ नये. खुर्चीवरचा नमस्कार गुडघा न टेकवता होतो, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली तर त्याच्यासाठी तोच शेवटपर्यंतचा नमस्कार असू शकतो. सरावात चक्कर आली, छातीत दाटले किंवा हातापायात मुंग्या आल्या तर नमस्कार पुरा करण्याचा आग्रह न धरता तेथेच खुर्चीवर बसावे.

सहाव्या स्थितीतील बाह्य कुंभक आणि नवव्या स्थितीतील मूळचा पूरक परत आणण्याचा विचार, ज्यांना वरीलपैकी कोणतीही मनाई नाही अशांनी, जमिनीवर चार मात्रांचे सहा नमस्कार नाव न तुटता होऊ लागल्यानंतर करावा. आधी पाचव्या स्थितीतला जास्तीचा श्वास काढावा आणि ते सवयीचे झाले की आठवी व नववी यांच्यामधला काढावा, म्हणजे पाय पुन्हा पूरकात पुढे येईल. सर्वांत शेवटी सहाव्या स्थितीतील श्वास काढून तेथे एका मात्रेचा कुंभक ठेवावा. पुढे तो दोन मात्रांचा झाला की चार मात्रांच्या दहा अर्ध्या श्वासांच्या चाळीस आणि कुंभकाच्या दोन मिळून एक नमस्कार बेचाळीस मात्रांचा होतो. कुंभकानंतर भुजंगासनाचा पूरक हिसका बसल्यासारखा, नाकपुड्या फुलवून आत ओढला जात असेल तर दोन मात्रा त्या माणसाला जास्त आहेत आणि त्याने एकावर परत यावे.